पाकीट परत मिळालं. आता सहा वाक्यांची चिठ्ठी

पाकीट किंवा मोबाइल हरवला की पुढं काय करायचं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. बँकेला फोन करून कार्ड बंद करायचं, सिम बंद करायचं, पोलिसांकडं तक्रार नोंदवायची. ती वस्तू परत मिळाली, तर आणून देणाऱ्याला काय म्हणायचं, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. पाकीट हातात पडतं तेव्हा आपण आधी ते उघडून बघतो, दोन-तीनदा ‘थँक्यू’ म्हणतो, चहाचा आग्रह करतो, आणि तो माणूस ‘धंद्याची वेळ आहे’ म्हणून निघूनही गेलेला असतो. जे म्हणायचं होतं ते त्याची पाठ वळल्यावर सुचतं.

त्यासाठी चिठ्ठी असते. पाच-सहा वाक्यांची, हातानं लिहिलेली किंवा मोबाइलवर पाठवलेली. ती लिहायला वेळ थोडा लागतो, पण ती नीट होण्यासाठी काही गोष्टी कळायला हव्यात. एका पाकिटाच्या निमित्तानं त्या क्रमानं पाहू.

प्रसंग

आमच्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांचं पाकीट पावसाळ्यात रिक्षात राहिलं. स्वारगेटहून सिंहगड रस्त्यावर घरी येताना एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. पैसे देऊन उतरताना पाकीट खिशात न जाता सीट आणि पाठ यांच्यामधल्या फटीत गेलं. आत अठराशेच्या आसपास रुपये, आधार, पॅन, पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड, चष्म्याच्या दुकानाची पावती आणि त्यांच्या दिवंगत पत्नीचा पासपोर्ट आकाराचा एक जुना फोटो होता. त्या फोटोची दुसरी प्रत नव्हती.

रिक्षावाल्याला पाकीट सापडलं ते रात्री घरी जाऊन रिक्षा पुसताना. तो हडपसरला राहणारा. आधार कार्डावर गुरुजींच्या गावाकडचा जुना पत्ता होता आणि फोन नंबर कुठंच नव्हता. मग त्यानं कागद चाळले आणि चष्म्याच्या पावतीवर दुकानाचा नंबर शोधला. सकाळी दुकान उघडल्यावर तिथं फोन केला. दुकानदारानं पावतीच्या क्रमांकावरून नाव काढलं आणि गुरुजींना कळवलं. दुपारी रिक्षावाला स्वतः शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं येऊन पाकीट देऊन गेला. गुरुजींनी पुढं केलेली पाचशेची नोट त्यानं घेतली नाही, अर्धा कप चहा तेवढा घेतला.

संध्याकाळी गुरुजी चिठ्ठीचा मसुदा घेऊन आले. तो असा होता:

“मा. रिक्षाचालक महोदय, स. न. वि. वि. आजच्या स्वार्थी जगात प्रामाणिकपणा दुर्मीळ होत चालला असताना आपण माझे हरवलेले पाकीट परत करून माणुसकीचे दर्शन घडवलेत. पाकिटातील रु. १,८०० व सर्व कागदपत्रे जशीच्या तशी मिळाली. रिक्षाचालकांबद्दल लोकांचे मत फारसे चांगले नसते, परंतु आपण त्यास अपवाद ठरलात. आपल्या प्रामाणिकपणास सलाम. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. कधीही कसलीही मदत लागल्यास निःसंकोच सांगावे. कळावे, आपला ऋणी.”

भाषा शुद्ध आहे, भावना खरी आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला मसुदा असाच होतो, कारण आभाराची अशी वाक्यं आपण सत्कार-समारंभात आणि वर्तमानपत्रात वाचलेली असतात. तरीही ही चिठ्ठी रिक्षावाल्याच्या हाती पडली, तर त्याला तिच्यात स्वतःची ओळख पटणार नाही. ती का पटणार नाही, हे समजून घ्यायला आधी सापडलेली वस्तू परत करणाऱ्यानं नेमकं काय केलेलं असतं ते पाहावं लागतं.

परत करणाऱ्यानं काय केलेलं असतं

आपण ‘पाकीट परत केलं’ असं एका दमात म्हणतो. प्रत्यक्षात त्यात चार-पाच कामं असतात. वस्तू दिसल्यावर ती उचलायची की नाही हे ठरवणं. ती इतरांच्या हाती लागू नये म्हणून सांभाळणं. मालक कोण हे शोधून काढणं. त्याच्यापर्यंत निरोप पोचवणं. आणि स्वतःच्या वेळेतून, स्वतःच्या खर्चानं ती नेऊन देणं. रिक्षावाल्याच्या बाबतीत शेवटचं काम म्हणजे भर धंद्याच्या वेळी शहर ओलांडणं. शिवाय एक धाकधूक असते, ती आपल्या लक्षातही येत नाही. ‘यातले पैसे कमी आहेत’ असं मालक म्हणाला तर? ही धाकधूक पोटात ठेवूनच तो दाराची बेल वाजवतो.

कायद्यानंही सापडलेल्या वस्तूची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकलेली आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७१ वं कलम सांगतं, की दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर जो ती आपल्या ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवून घेणाऱ्यासारखीच असते. म्हणजे स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्यानं तिची घ्यायची. मालक शोधण्यात गेलेल्या वेळाची आणि खर्चाची भरपाई मात्र तो दावा लावून मागू शकत नाही. अशी भरपाई मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याची मुभा १६८ वं कलम देतं, पण व्यवहारात साधा माणूस त्या वाटेला जात नाही. थोडक्यात, शोधाशोध, फोन आणि पेट्रोल हे सगळं त्यानं आपल्या पदरचं घातलेलं असतं.

माणसं असं का करतात, याचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून जास्त पाकिटं ‘रस्त्यात सापडलं, तुम्ही बघाल का’ असं म्हणून बँका, हॉटेलं, पोस्ट, पोलीस अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली. त्या देशांत भारतही होता. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाच्या नावाची कार्डं, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली असायची. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. पैसे असले की मोह वाढून पाकिटं कमी परत येतील, असं बहुतेकांना वाटलं असतं. झालं उलट. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्के पाकिटांच्या मालकांशी संपर्क साधला गेला, पैसे असलेल्यांच्या बाबतीत सुमारे ५१ टक्के. मोठी रक्कम ठेवून पाहिलं तेव्हा प्रमाण आणखी वाढलं.

आपल्या चिठ्ठीसाठी त्यातला किल्लीचा भाग सर्वांत कामाचा आहे. संशोधकांनी काही पाकिटांतून किल्ली काढून टाकली. पैसे तेवढेच, पण किल्ली नाही. अशी पाकिटं कमी परत आली. किल्ली सापडणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते. तिची किंमत फक्त मालकाला. म्हणजे परत करणारा माणूस चोर ठरण्याच्या विचारानं अस्वस्थ होतो हे खरंच, पण त्याबरोबर समोरच्या अनोळखी माणसाचं काय अडलं असेल, याचाही विचार करत असतो.

गुरुजींच्या पाकिटातली किल्ली म्हणजे तो फोटो. त्यांच्या मसुद्यात अठराशे रुपये आहेत, फोटो नाही. शोधाशोध नाही, चष्म्याची पावती नाही, हडपसरहून येणं नाही. रिक्षावाल्यानं जे केलं त्यातलं काहीच नाही. त्याच्या स्वभावाला दिलेलं प्रमाणपत्र तेवढं आहे.

मसुद्यातली अडचणीची वाक्यं

पहिली अडचण रकमेची. ‘रु. १,८०० जसेच्या तसे मिळाले’ हे लिहिताना गुरुजींना कौतुकच करायचं होतं. वाचणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं, की मी गेल्यावर यांनी नोटा मोजल्या. त्याची जी धाकधूक होती, तिच्यावरच बोट पडतं. रक्कम चिठ्ठीत लिहूच नये. सगळं नीट मिळालं हे कळवायचं असेल तर ‘पाकिटातलं सगळं जागच्या जागी आहे’ एवढं पुरतं, आणि तेही ज्याची सर्वांत जास्त काळजी होती त्या वस्तूच्या उल्लेखाबरोबर.

दुसरी अडचण अपवादाची. ‘रिक्षाचालकांबद्दल लोकांचे मत चांगले नसते, पण आपण अपवाद’ या वाक्यात एका माणसाला मान देताना त्याच्या सगळ्या जोडीदारांना खाली ओढलं आहे. स्टँडवर त्याच्या शेजारी रिक्षा लावणारा त्याचा भाऊ असेल, मित्र असतील. ही चिठ्ठी त्यांना दाखवायची कशी? ‘तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत’, ‘गरीब असूनही प्रामाणिक’, ‘परप्रांतीय असूनही’ ही त्याच घरातली वाक्यं. त्यांत ‘असूनही’ आला की समजावं, आपण आभार मानता मानता कुणाचा तरी अपमान करतो आहोत. अशी वाक्यं दुरुस्त करत बसू नये, सरळ गाळावीत.

तिसरी अडचण वचनाची. ‘कधीही कसलीही मदत लागल्यास सांगा’ हे मनापासून लिहिलेलं असतं, पण अनोळखी माणूस त्या भरवशावर फोन करत नाही, आणि केलाच तर आपण काय करू हे आपल्यालाही माहीत नसतं. द्यायचं तर नेमकं द्यावं, जे आपल्याला खरंच करता येईल. गुरुजी गणित शिकवायचे. रिक्षावाल्याचा मुलगा नववीत आहे, हे चहा पिताना बोलण्यात आलं होतं. ‘मुलाला गणितात काही अडलं तर रविवारी सकाळी मी घरीच असतो’ हे देता येण्यासारखं आहे. तसं काही नसेल तर वचन न देताही चिठ्ठी पुरी होते.

सहा वाक्यं, एकेक करून

आता बांधणी. पहिलं वाक्य संबोधनासकट. त्या माणसाचं नाव विचारून घेतलेलं असावं. घेतलं नसेल तर फोनवर विचारावं. ‘रिक्षाचालक महोदय’ हे नाव नाही. आपल्याकडं नावापुढं दादा, काका, ताई, मावशी लावलं की आदरही येतो आणि जवळीकही. वयानं लहान असलेल्या रिक्षावाल्यालाही गुरुजी दादाच म्हणत होते, तेच कागदावर यावं. बोलताना ‘तुम्ही’ म्हटलं असेल तर कागदावरही ‘तुम्ही’च राहू द्यावं. दारात ‘तुम्ही’ आणि चिठ्ठीत ‘आपण’ झालं, की माणूस एकदम दूर जाऊन बसतो.

दुसऱ्या वाक्यात त्यानं काय केलं ते, त्याच्या कष्टाच्या क्रमानं. इथं तपशील हवा आणि तो खरा हवा. तपशील माहीत नसेल तर पाकीट घेतानाच विचारावं: ‘तुम्हाला कुठं सापडलं? माझा नंबर कसा मिळाला?’ हे दोन प्रश्न विचारणं म्हणजेच अर्धी चिठ्ठी. लोक ते आनंदानं सांगतात, आणि आपण त्यांची धडपड ऐकून घेतली हे त्यांना तिथंच कळतं.

तिसरं वाक्य, त्यामुळं आपलं काय वाचलं. पैशांपेक्षा जे दुसरीकडून मिळालं नसतं त्याबद्दल लिहावं. गुरुजींसाठी फोटो. कुणासाठी परीक्षेचं प्रवेशपत्र, कुणासाठी आईच्या औषधांची चिठ्ठी, कुणासाठी मोबाइलमधले बाळाचे फोटो. फार खाजगी काही सांगायचं नसेल तर सांगू नये. ‘त्यातली एक गोष्ट मला पुन्हा मिळाली नसती’ एवढंही चालतं.

चौथं वाक्य आभाराचं, आणि ते साधं असावं. वरची दोन वाक्यं नीट झाली असतील तर ‘मनापासून आभार’ एवढ्यावर भागतं. ‘शतशः ऋणी’, ‘जन्मभर उपकार’ असे मोठे शब्द बहुतेकदा तपशील नसल्यामुळं येतात. सांगण्यासारखं काही नसलं की आपण आवाज वाढवतो.

पाचवं वाक्य ऐच्छिक: देऊ केलेली नेमकी गोष्ट, किंवा मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाचा उल्लेख. इथं चष्म्याच्या दुकानदाराचा वाटा आहे. त्यालाही आपण कळवलं, हे रिक्षावाल्याला वाचायला बरं वाटेल.

सहावं, निरोपाचं. तब्येत, घरचे, धंदा यांबद्दल एक सदिच्छा आणि खाली पूर्ण नाव. तारीख जरूर टाकावी. अशी चिठ्ठी जपून ठेवली जाते, आणि पुढं कधी ती काढून पाहणाऱ्याला तारीख हवी असते.

गुरुजींची चिठ्ठी शेवटी अशी झाली. रिक्षावाल्याचं नाव मी इथं गाळलं आहे:

“… दादा,

सोमवारी तुमच्या रिक्षात माझं पाकीट राहिलं होतं. आधार कार्डावर गावाकडचा पत्ता असूनही तुम्ही थांबला नाहीत, चष्म्याच्या पावतीवरून दुकानाचा नंबर शोधलात, सकाळी फोन केलात आणि धंद्याची वेळ मोडून हडपसरहून स्वतः पाकीट आणून दिलंत. त्यात माझ्या पत्नीचा एक फोटो होता, ती आता नाही आणि त्या फोटोची दुसरी प्रतही नाही. तो तुमच्यामुळं माझ्याकडं परत आला, त्याबद्दल मनापासून आभार. चष्म्याच्या दुकानातही मी जाऊन सांगून आलो, आणि मुलाला गणितात काही अडलं तर रविवारी सकाळी त्याला घेऊन या, मी घरीच असतो. घरी सगळ्यांना नमस्कार.”

खाली नाव, तारीख. मोठ्यानं वाचली तर अर्धा-पाऊण मिनिट लागतं. मोठ्यानं वाचून पाहणं हे केवळ लांबी मोजण्यासाठी नाही. चिठ्ठी घेणारा माणूस ती घरी कुणाकडून तरी वाचून घेईल, किंवा बायको-मुलांना वाचून दाखवेल, ही शक्यता मोठी आहे. वाचताना जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य मोडून दोन करावीत.

चिठ्ठी जमली की नाही, हे कळायला एक सोपी चाचणी आहे. नाव झाकून ती वाचावी. हीच चिठ्ठी दुसऱ्या कुठल्याही पाकीट सापडलेल्या माणसाला देता येत असेल, तर ती अजून झालेली नाही. गुरुजींचा पहिला मसुदा महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रामाणिक माणसाला देता आला असता. दुसरा एकालाच देता येतो.

पैशांचं काय करायचं

बक्षिसाचा प्रश्न चिठ्ठीपासून वेगळा ठेवावा. आपण आधी बक्षीस जाहीर केलं असेल, म्हणजे सोसायटीच्या फलकावर किंवा जाहिरातीत ‘आणून देणाऱ्यास दोन हजार रुपये’ असं म्हटलं असेल, तर ती रक्कम देणं हे औदार्य राहत नाही, तो शब्द असतो. करार कायद्याचं १६८ वं कलम अशा जाहीर बक्षिसासाठी सापडणाऱ्याला दावा लावण्याचा आणि ते मिळेपर्यंत वस्तू आपल्याजवळ ठेवण्याचा हक्क देतं. अशा वेळी पैसे आधी द्यावेत आणि चिठ्ठीत त्यांचा उल्लेख करू नये.

जाहीर केलं नसेल तर प्रवासखर्च विचारून द्यावा: ‘येण्याजाण्याचं पेट्रोल तरी घ्या.’ खर्च घेण्यात कमीपणा नसतो, त्यामुळं बक्षीस नाकारणारे पुष्कळदा तो घेतात. तरीही नको म्हणाले तर तिथं थांबावं. नाकारलेले पैसे चिठ्ठीच्या पाकिटात गुपचूप घालू नयेत. त्यांनी एकदा ठामपणे ‘नको’ म्हटलेलं असतं; तेच पैसे आडवाटेनं आले की त्यांचा शब्द आपण मानला नाही, असा त्याचा अर्थ होतो. मिठाईचा पुडा, घरची फराळाची पिशवी, मुलांसाठी पुस्तक यांना माणसं क्वचितच नाही म्हणतात, आणि ते चिठ्ठीबरोबर उघडपणे देता येतं.

एसटीचा वाहक, मॉलमधला सुरक्षारक्षक

सापडणारा माणूस नोकरीवर असताना त्याला वस्तू मिळाली असेल, तर आणखी एक कागद उपयोगी पडतो. एसटीच्या वाहकानं बसमध्ये राहिलेली बॅग आगारात जमा केली, तर आगारप्रमुखांना उद्देशून चार ओळींचं पत्र लिहावं. त्यात भावनेपेक्षा नोंद महत्त्वाची: तारीख, गाडी कुठून कुठं जाणारी, सुटण्याची वेळ, तिकिटावरून मिळाला तर गाडीचा किंवा तिकिटाचा क्रमांक, वाहकाचं नाव, आणि त्यांनी काय केलं. एवढं असलं की कार्यालयाला त्या माणसापर्यंत पोचता येतं. नुसतं ‘आपल्या एका कर्मचाऱ्यानं’ असं लिहिलेलं पत्र फायलीत जातं आणि माणसापर्यंत पोचत नाही.

हे पत्र पाठवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारावं. सापडलेल्या वस्तू ठरावीक ठिकाणी जमा करून नोंद करायची, असा पुष्कळ आस्थापनांत नियम असतो. सुरक्षारक्षकानं आपली धावपळ बघून मोबाइल नोंद न करताच हातात दिला असेल, तर आपलं कौतुकाचं पत्र त्याच्यासाठी खुलाशाचं पत्र होऊ शकतं. ‘तुमच्या साहेबांना लिहिलं तर चालेल का?’ एवढा प्रश्न पुरतो. ‘नको’ म्हणाला तर चिठ्ठी त्याच्याच हाती द्यावी. त्याचा फोटो काढून सगळीकडं पाठवण्याबाबतही हेच. कुणाला ते आवडतं, कुणाला स्वतःचा चेहरा आणि नंबर फिरलेला नको असतो.

वरचं पत्र गेलं तरी त्या माणसासाठीची स्वतंत्र चिठ्ठी राहायलाच हवी. साहेबांना लिहिलेल्या पत्रात तो ‘ते’ असतो. स्वतःच्या चिठ्ठीत ‘तुम्ही’.

मोबाइल परत मिळाला असेल तर

मोबाइलच्या बाबतीत एक वाक्य वाढतं आणि ते महत्त्वाचं आहे. फोन हरवल्यावर आपण पोलिसांकडं तक्रार केलेली असते, आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर त्याचा आयएमईआय क्रमांक देऊन तो बंदही केलेला असू शकतो. असा बंद केलेला फोन कुणी सिम घालून वापरू पाहिला, तर त्याचा माग पोलिसांना काढता येतो. मालक शोधण्याच्या धडपडीत सापडणाऱ्यानं आपलं सिम घालून पाहिलं असेल, तर त्याच्या मनात भीती असू शकते.

म्हणून आधी काम, मग चिठ्ठी. फोन मिळाल्याचं पोलीस ठाण्यात कळवावं, तो बंद करताना मिळालेल्या विनंती क्रमांकानं तो पुन्हा सुरू करण्याची विनंती करावी, आणि मग लिहावं: ‘फोन मिळाल्याचं मी पोलिसांना कळवलं आहे.’ जे केलं तेवढंच लिहावं. पुढं कुणी काही विचारणारच नाही, असं वचन आपल्या हातात नाही.

फोन परत करणाऱ्याशी बोलणं बहुतेकदा फोनवरच झालेलं असतं, त्यामुळं इथं व्हॉट्सॲपची चिठ्ठी चालते. ती आणखी लहान असू द्यावी: “… ताई, काल लोकलमध्ये राहिलेला माझा फोन तुम्ही बंद होऊ दिला नाहीत, चार्ज करून ठेवलात आणि माझ्या बहिणीचा फोन येताच उचललात. त्यात माझ्या प्रकल्पाचं सगळं काम होतं. पोलिसांना फोन मिळाल्याचं कळवलं आहे. खूप आभार.” हात जोडल्याच्या चित्रांची रांग आणि तयार संदेश यांपेक्षा या चार वाक्यांत ती ताई दिसते. तिला मराठी वाचता येत नसेल तर तिच्या भाषेत, साध्या शब्दांत. तेही जमत नसेल तर आवाजात बोलून पाठवावं. बोलतानाही क्रम तोच.

शाळकरी मुलाला पाकीट सापडलं असेल तर

मुलांच्या बाबतीत आभार बहुतेकदा चुकीच्या पत्त्यावर जातात. मोठी माणसं आईवडिलांना म्हणतात, ‘छान संस्कार आहेत तुमचे’, आणि मूल बाजूला उभं राहतं. पाकीट उचललं मुलानं, वर्गशिक्षकांकडं नेलं मुलानं, तर चिठ्ठी त्याच्याच नावानं हवी. ‘तू’ म्हणावं, अक्षर मोठं आणि सुटं काढावं, वाक्यं तीन पुरेत: तू काय केलंस, त्यामुळं माझं काय वाचलं, थँक्यू. आईवडिलांना आणि शाळेला वेगळं कळवता येतं. मुलाच्या चिठ्ठीत ‘असाच प्रामाणिक राहा’ असा उपदेश घालू नये; आभार मानताना पुढचा अभ्यास दिल्यासारखं होतं.

उशीर झाला असेल तर

वस्तू मिळाली त्याच दिवशी फोनवर दोन शब्द आणि दोन-तीन दिवसांत चिठ्ठी, हा चांगला क्रम. पण वेळ निघून गेली म्हणून ती लिहायचीच नाही, असं करू नये. ‘उशीर झाला, पण लिहायचं राहून जाऊ नये म्हणून’ एवढ्या एका वाक्यानं सुरुवात करावी. कारणांची यादी देऊ नये.

आपण थांबतो ते बहुतेकदा ‘मला नीट लिहिता येत नाही’ या संकोचानं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि ती मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना जास्त आनंद झाला होता आणि अवघडलेपण कमी वाटलं होतं. लिहिणारे शब्दांच्या नेमकेपणाची चिंता करत बसले होते. वाचणाऱ्यांचं लक्ष मुख्यतः पत्रातल्या आपुलकीकडं गेलं होतं.

तेव्हा तुमचं पाकीट किंवा फोन कुणी परत केला असेल आणि लिहायचं राहून गेलं असेल, तर आज त्या माणसाचं नाव आणि नंबर शोधा. त्यानं काय केलं ते एका वाक्यात लिहा, तुमचं काय वाचलं ते दुसऱ्या, आणि आभार तिसऱ्या वाक्यात. रक्कम लिहू नका, कुणाशी तुलना करू नका, न पाळता येणारं वचन देऊ नका. एवढं केलं तर साध्या अक्षरातली साधी चिठ्ठीही पुरेशी आहे.